कोचची चार आठवड्यांची नोंद: झोन चुकीचे, पण पल्स खरी?

सिंहगडवाली

मंडळी, वय ४५, पुण्यात बँकेत नोकरी, दोन वर्षांपासून पळते. जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन करायची आहे. आमचे कोच दर चार आठवड्यांनी घड्याळातला डेटा, म्हणजे सकाळची पल्स आणि पळताना ती किती जोराच्या झोनमध्ये जाते ते, बघून मेसेज पाठवतात. यावेळचा मेसेज वाचून मी गोंधळले, म्हणून त्यांना विचारून इथे जसाच्या तसा डकवते.

«ताई, चार आठवडे बघितले. आधी सकाळची पल्स. पहिल्या दोन आठवड्यांची सरासरी ५८. मधे एखाद्या दिवशी ५५, एखाद्या दिवशी ६१, त्याकडे मी लक्ष देत नाही. तिसऱ्या आठवड्यात सरासरी ६३, चौथ्यात ६२. एकाच सकाळी ६३ आली असती तर मी काही बोललो नसतो. पण या दोन आठवड्यांत एकही सकाळ ६० च्या खाली नाही. हे खरं आहे असं धरून चालायचं.

आता झोन. तुम्ही घाबरून स्क्रीनशॉट पाठवलात की हळू पळूनही सगळं झोन ४ मध्ये दिसतं. ते विसरा. घड्याळाने २२० वजा ४५ करून तुमची कमाल पल्स १७५ धरली आहे. चढाच्या सेटला छातीच्या पट्ट्यावर तुमची पल्स १८६ गेली होती आणि त्यानंतर तुम्ही हसत होतात. म्हणजे कमाल किमान १८६ आहे. झोन मी नव्याने लावले आहेत, त्यात तुमचे हळू रन झोन २ मध्येच बसतात.

पण एक गोष्ट झोन बदलूनही जात नाही. पावणेसहाचा तोच सपाट रस्ता, किलोमीटरला ७:१५ चा तोच वेग. पहिल्या आठवड्यात त्याला सरासरी १४१ लागत होती, आता १४९ लागते. म्हणून पुढचे दोन आठवडे दर आठवड्याला ३८ ऐवजी २५-२६ किलोमीटर, इंटरव्हल बंद. हळू रनमध्ये १४५ ओलांडली की चाला. सलग चार सकाळी ६० किंवा खाली आली की बोलू.»

माझा प्रश्न असा की एकीकडे म्हणतात झोन २ आहे, बरोबर पळताय. दुसरीकडे म्हणतात कमी करा. नेमकं काय ऐकू?

पळपुटा

कमी करा हेच ऐका. माझ्या कोचने हे एकदा तरी म्हणावं म्हणून मी दरमहा फी भरतो.

बापूराव_नाशिक

ताई, २२० वजा वय हे डॉक्टरांचं गणित आहे. इस्पितळात ट्रेडमिलवर चढवतात तेव्हाही हेच धरतात. घड्याळ कंपनीत इंजिनियर बसलेत, ते उगाच नाही लावणार. तुमची १८६ गेली म्हणजे तुम्ही कमालीच्या पुढे गेलात, त्याची काळजी करा. कोचने ते हसण्यावारी नेलं हे मला पटलं नाही.

चढणकर

बापूराव, ट्रेडमिल टेस्टला तो आकडा वापरतात हे खरं आहे. पण तिथे तो अंदाज म्हणून असतो. एकाच वयाची शंभर माणसं घेतली तर कित्येकांची खरी कमाल त्या आकड्यापासून दहा-बारा ठोके वर किंवा खाली असते. कमालीच्या पुढे कुणी जात नाही. पुढे गेलेलं दिसलं तर कमाल चुकीची धरली होती, एवढाच अर्थ. अट एकच, मोजमाप खरं हवं. ते छातीच्या पट्ट्याचं आहे म्हणून मला मान्य. मनगटावरच्या दिव्याचं असतं तर मी म्हटलं असतं थांबा, कारण तो कधी कधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजत बसतो. मिनिटाला १७० पावलं पडत असतील आणि पल्स पहिल्या दोन मिनिटांतच १७० वर जाऊन चिकटली असेल, तर ती पल्स नव्हे.

सिंहगडवाली, तुमचा गोंधळ कुठे आहे ते तुमच्याच १४१ वरून सांगतो.

घड्याळाची १७५ धरली तर १४१ म्हणजे ८० टक्क्यांच्या किंचित वर, म्हणून झोन ४. तीच १४१ खऱ्या १८६ ची टक्केवारी म्हणून काढली तर ७६ येते, झोन ३. आणि कोचने बहुतेक राखीव पल्स धरली असणार: १८६ मधून सकाळची ५८ वजा, उरले १२८. त्याचे ६० ते ७० टक्के काढून ५८ मध्ये परत मिळवले की १३५ ते १४८ येते. त्यात १४१ आरामात झोन २. रन तोच, पाय तेच, हृदय तेच. वर्गीकरणाच्या तीन पद्धती, तीन उत्तरं.

म्हणून झोन बदलले म्हणजे तब्येत सुधारली असं होत नाही. तुम्ही आरामात पळत होतात का, एवढंच झोन सांगतो, आणि तेही ढोबळच. पळताना पूर्ण वाक्य बोलता येत होतं का?

सिंहगडवाली

पहिल्या आठवड्यात मैत्रिणीला सासूबाईंची पूर्ण कथा सांगितली. चौथ्या आठवड्यात तिनेच जास्त बोललं, आता आठवतंय.

पळपुटा

तिच्या सासूबाई जास्त इंटरेस्टिंग असतील.

मिरजेची_माई

आमच्या ह्यांची पल्स ५२ असते आणि ते पळत नाहीत, फक्त पेपर वाचतात. घड्याळ म्हणतं फिटनेस उत्तम! मुलगा म्हणाला बाबा खेळाडू झाले. तर मग मी पण घड्याळ घ्यावं का? माझी ७८ येते, डॉक्टर म्हणतात चांगली आहे.

डॉ_निवांत

माई, ते बीपीची गोळी घेतात का? काही बीपीच्या गोळ्या ठोके मुद्दाम कमी ठेवतात, आणि चालताना-पळताना पल्स वर चढूच देत नाहीत. अशा माणसाला झोनचा काही उपयोग नाही, त्यांनी बोलता येतंय का हेच बघावं. आणि घड्याळ बघून गोळी बंद करायची नाही, हे त्यांना जरा मोठ्याने सांगा. तुमची ७८ ठीक आहे.

मिरजेची_माई

घेतात हो, दोन वर्षं झाली. चांगलं सांगितलंत, ते परवाच म्हणत होते आता गोळीची गरज नाही.

आखाती

मी दुबईत पळतो. इथे उन्हाळ्यात त्याच वेगाला माझी पल्स सहज १५ ने वर असते. कातडी थंड करायला रक्त तिकडे वळतं, घाम जाऊन रक्ताचं पाणी कमी होतं, मग तेवढंच रक्त फिरवायला हृदयाला जास्त वेळा ठोके द्यावे लागतात. पुण्यात ऑक्टोबर हीट चालू झाली असेल. कोच उगाच घाबरवतोय. नोव्हेंबरमध्ये आपोआप खाली येईल.

चढणकर

आखाती, कारण बरोबर, जागा चुकली. ऑक्टोबरमध्ये पुण्यातली दुपार तापते. पहाटे पावणेसहाला सप्टेंबरअखेरच्या मानाने हवा उलट जरा गारच असते. शिवाय उष्णतेने पळतानाची पल्स वाढेल, पण सकाळी अंथरुणातली पाचने का वाढावी? पंख्याखाली झोपलेल्या माणसाला काही दुबई लागत नाही.

पण माझी कोचच्या नोंदीबद्दल एक शंका आहे. पहिल्या आठवड्यातला तो हळू रन किती किलोमीटरचा होता आणि चौथ्यातला किती?

सिंहगडवाली

पहिला ६, चौथा ९. का?

चढणकर

हेच वाटलं होतं. लांब पळताना वेग तोच ठेवला तरी पल्स हळूहळू चढत जाते. नवव्या किलोमीटरचे ठोके सरासरीत मिसळले तर सरासरी वाढणारच, त्यात थकवा असो वा नसो. दोन्ही रनमधले फक्त दुसरा ते पाचवा किलोमीटर काढून बघा. पहिला सोडा, तो वॉर्मअपमध्ये जातो.

सिंहगडवाली

काढलं. पहिल्या आठवड्यात १४०, चौथ्यात १४५. म्हणजे आठचा फरक पाचवर आला.

चढणकर

म्हणजे कोचचे तीन ठोके नुसत्या अंतराचे होते. पण पाच उरतात, आणि सकाळच्या पल्समध्येही साधारण तेवढेच वाढलेत. वेगवेगळ्या वेळी मोजलेल्या दोन गोष्टी एकाच दिशेला गेल्या, म्हणून मी कोचच्या बाजूने. मात्र त्यामागे पळणं जास्त झालं हेच कारण आहे असं नोंदीतून सिद्ध होत नाही. पल्स वाढली एवढंच कळतं. कशामुळे, ते डेटात नाही, तुमच्या घरात आहे. तिसऱ्या आठवड्यात काय बदललं?

रुणझुण

मी विचारते नेमकं: नवरात्रात उपास होते का? आणि पाळी कधी आली?

सिंहगडवाली

रुणझुण, तू काय घरात कॅमेरा लावलायस का? नऊ दिवस उपास होते, तिसरा आठवडा अख्खा त्यातच गेला. पळणं बंद केलं नाही. रात्री उशिरापर्यंत भोंडला, सकाळी पाचला उठणं. पाळी चौथ्या आठवड्याच्या शेवटी आली. कोचना यातलं काहीच माहीत नाही.

रुणझुण

तेच तर. पुरुष कोच असला की आपण हे सांगत नाही आणि तो विचारत नाही. माझी सकाळची पल्स पाळीच्या आधीच्या दहा-बारा दिवसांत दर महिन्याला दोन-तीन ठोके वर असते, पाळी आली की खाली येते. तीन महिने कॅलेंडरवर बाजूला लिहून ठेवली तेव्हा कळलं. चार आठवड्यांच्या डेटाची गंमत अशी की त्यात नेमकं एकच चक्र बसतं. पहिले दोन आठवडे खाली, पुढचे दोन वर, आणि कोच म्हणतो थकवा. या शेवटच्या दोन आठवड्यांची तुलना पुढच्या चक्राच्या शेवटच्या दोन आठवड्यांशी करायला हवी, याच चक्राच्या पहिल्या दोनांशी नव्हे.

चढणकर

हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. पाचपैकी दोन-तीन यातच गेले असतील.

बापूराव_नाशिक

उपासाला साबुदाणा खिचडी, बटाटा, राजगिरा लाडू. त्यात ताकद भरपूर असते. आमच्या घरी नवरात्रात वजन वाढतं. उपासाने पल्स वाढेल हे पटत नाही.

रुणझुण

बापूराव, तुमच्या घरी दिवसभर फराळ चालत असेल. माझ्या सासरी एकदाच, तोही रात्री. ताई, तुमच्याकडे कसं?

सिंहगडवाली

धान्य फराळ, एकदाच, संध्याकाळी. दिवसा चहा. पाणी ऑफिसात तसंही कमीच होतं.

पळपुटा

म्हणजे रात्री अकराला भोंडला, पहाटे पाचला नऊ किलोमीटर आणि मधे चहा. घड्याळाने ६३ दाखवली हे त्याचं सौजन्य.

डॉ_निवांत

मला आणखी एक विचारायचं आहे, ते जरा वेगळं आहे. वय ४५. पाळीत रक्तस्राव गेल्या वर्षभरात वाढलाय का? जिने चढताना आधीपेक्षा दम लागतो का? शेवटचं हिमोग्लोबिन कधी बघितलं?

विचारायचं कारण सांगतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनवरून फुप्फुसातला ऑक्सिजन स्नायूंपर्यंत जातो. ते कमी असेल तर शरीर एकच तोड काढतं, रक्त जास्त वेळा फिरवतं. म्हणून विश्रांतीतली पल्सही वाढते आणि त्याच वेगाला पळतानाचीही. तुमच्या नोंदीत हेच चित्र आहे. थकव्यातही हेच चित्र दिसतं, थायरॉइड वाढलेला असला तरी हेच, ताप येण्याच्या दोन दिवस आधीही हेच. घड्याळ यांत फरक करू शकत नाही. या वयात पाळीचं गणित बिघडायला लागतं, स्राव वाढतो, आणि बायका चार महिने ते ऑफिसच्या दगदगीवर ढकलतात. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर त्याला ॲनिमिया म्हणतात, आणि १०-११ वर बसूनसुद्धा माणूस पळत राहतो, कारण शरीर सवय करून घेतं. फेरिटिनही करून घ्या, ते लोहाचा साठा दाखवतं. साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर उतरतं.

मी इथून निदान करत नाहीये. पण पल्स शांत बसलेली असताना १०० च्या वर राहिली, छातीत दुखलं, चक्कर आली किंवा ठोका चुकतोय असं वाटलं, तर धागा वाचत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

सिंहगडवाली

डॉक्टर, स्राव वाढलाय हे खरं. दम लागतो असं म्हणणार नाही, पण शाखेचा जिना हल्ली टाळते. उद्याच रक्त देते. कोचनाही आज हे सगळं लिहून पाठवते, उपासासकट.

आखाती

तरी पण मला वाटतं हवेचाही भाग आहे. दमटपणा बघितलात का कुणी?

चढणकर

आखाती, तुमचा दमटपणा मान्य. एक ठोका देतो त्याला.

बापूराव_नाशिक

ताई, सकाळची पल्स मोजायची कशी? मी संडासला जाऊन, चहा घेऊन, पेपर वाचताना मोजतो. ७४ येते.

रुणझुण

चहाच्या आधी मोजा, बापूराव. मी उठल्यावर बाथरूमला जाऊन परत आडवी होते, दोन मिनिटं थांबते, मग मिनिटभर मोजते. दाबून धरलेल्या लघवीनेही ठोके वाढतात. घड्याळाची रात्रीची पल्स आणि हाताने मोजलेली सकाळची पल्स मिसळू नका. काही घड्याळं झोपेतली सगळ्यात खालची पकडतात, ती चार-पाच ठोके कमीच येते. यातली कुठलीही चालेल, पण महिनाभर तीच.

सिंहगडवाली

*(दोन-अडीच आठवड्यांनी)*

धागा वर काढते, कारण दोघातिघांनी विचारलं. हिमोग्लोबिन १०.८, फेरिटिन ९. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. सोनोग्राफी व्हायची आहे. दोन आठवडे २५ किलोमीटरवर राहिले, इंटरव्हल नाही, रात्री दहाला झोप. उपास अर्थात संपले होते.

सकाळची पल्स दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ६० वर आली. कालची ५९. दुसरा ते पाचवा किलोमीटर, ७:१५ ला, १४३. कोच म्हणतात विश्रांतीने आली. मैत्रीण म्हणते गोळ्यांनी. सासूबाई म्हणतात देवीने.

चढणकर

गोळ्यांनी दोन आठवड्यांत सहसा इतकं होत नाही. हिमोग्लोबिन चढायला आठवडे लागतात, साठा भरायला महिने. त्यामुळे आत्ताची घट ही बहुतेक झोप, पोटभर जेवण, कमी पळणं आणि तुमच्या चक्राचा सुरुवातीचा भाग यांची. किती कशाची, ते वेगळं करता येणार नाही, कारण तुम्ही सगळं एकदमच बदललं. (आणि बदलायलाच हवं होतं, मी तक्रार करत नाही.) १४० वर परत आली नाही, ते मला लोहाचं वाटतं. पण ते जानेवारीतच कळेल.

रुणझुण

चक्राचा सुरुवातीचा भाग, बरोबर. आता पुढचे दोन आठवडे बघ. ६२ आली तर घाबरून कोचला स्क्रीनशॉट पाठवू नकोस.

डॉ_निवांत

गोळी चहासोबत घेऊ नका, चहाने लोह कमी शोषलं जातं. लिंबूपाण्यासोबत घेतली तर बरं. सहा-आठ आठवड्यांनी परत तपासणी. जानेवारीची हाफ करायची की नाही ते त्या रिपोर्टवर आणि सोनोग्राफीवर ठरवा, घड्याळावर नको. पेडर रोडच्या चढावर हिमोग्लोबिन उसनं मिळत नाही.

सिंहगडवाली

कोचही तेच म्हणाले, फक्त त्यांनी त्यात एक भर घातली: हाफ झालीच तर वेळेचं टार्गेट नाही, १६० च्या वर गेलं की चालायचं. आणि महिन्याच्या नोंदीत त्यांनी तीन नवीन रकाने काढलेत: झोप, जेवण, पाळीचा दिवस. म्हणाले बाकीच्या बायकांनाही पाठवतो.

बापूराव_नाशिक

मी घड्याळात कमाल पल्स बदलायला बसलो. वय ६२, घड्याळ १५८ म्हणतं. पांडवलेणीच्या पायऱ्या जोरात चढून खरी किती ते बघू म्हणतो. छातीचा पट्टा कुणाकडे उसना मिळेल का?

डॉ_निवांत

बापूराव, पट्टा मिळेल, पण पायऱ्या थांबवा. आधी ईसीजी आणि डॉक्टर. तुम्ही पळत नसाल तर कमाल माहीत असून करायचंय काय?